सोडियमचा आकडा म्हणजे पाण्याचा आकडा

रात्रीचे अडीच वाजलेत. ऑपरेशन होऊन दुसरी रात्र. सिस्टर खाटेच्या कडेला वाकून लघवीची पिशवी मापाच्या भांड्यात रिकामी करते आणि भांडं ट्यूबलाइटसमोर धरते. लघवीला रंगच नाही. भांड्यापलीकडची भिंतीवरची बारीक भेगसुद्धा स्वच्छ दिसते आहे. ती तक्त्यावर लिहिते: गेल्या तासात ३५० मिली. त्याआधीच्या तासातही जवळपास तेवढीच. खाटेवरच्या बाई जाग्याच आहेत आणि त्यांना पाणी हवंय, तेही गार. "सिस्टर, बर्फाचं असेल तर द्या हो, घसा नुसता कोरडा पडलाय."

या बाई म्हणजे कुणी एक रुग्ण नव्हेत. मी पाहिलेल्या अनेकांमधून त्यांना घडवलंय. पण त्यांचे आकडे अशा रुग्णांचे असतात तसेच आहेत. पंचेचाळिशीच्या शिक्षिका, वजन साठ किलो. फळ्याच्या दोन्ही टोकांकडचं दिसेनासं झालं म्हणून तपासायला आल्या, तेव्हा मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीत वाढलेली गाठ सापडली. सोमवारी नाकातून दुर्बीण घालून ती काढली. पुढच्या अकरा दिवसांत या बाईंना एकमेकांच्या अगदी उलट असे दोन आजार होणार आहेत. एकात शरीर पाणी धरून ठेवू शकत नाही, दुसऱ्यात ते सोडू शकत नाही. पहिल्याचं नाव डायबेटिस इन्सिपिडस. दुसऱ्याचं लांबलचक इंग्रजी नाव डॉक्टर 'एसआयएडीएच' असं आखडून म्हणतात. दोन्हींच्या मुळाशी हार्मोन एकच आणि दोन्ही ओळखायच्या खुणाही त्याच: रक्तातलं सोडियम आणि लघवीचा दाटपणा. म्हणूनच हे दोन आजार समजून घ्यायचे तर या बाईंच्या खाटेशी थांबावं असं मला वाटतं.

आधी पहिल्या नावाबद्दल. यातल्या डायबेटिसचा साखरेशी काहीही संबंध नाही. 'डायबेटिस' म्हणजे भरपूर लघवी वाहून जाणं, एवढंच. साखरेच्या आजारात लघवी गोड असते म्हणून तो 'मेलिटस', मधासारखा. आणि लघवी बेचव असते तो 'इन्सिपिडस'. १७९४ साली योहान पीटर फ्रांक या जर्मन वैद्याने हे दोन आजार वेगळे केले. आपल्या आयुर्वेदातही प्रमेहाच्या प्रकारांत 'उदकमेह' आहे, पाण्यासारखी लघवी होते तो. पण नावातल्या सारखेपणाने रुग्णांचं नुकसान झालंय. साखरेचाच आजार समजून लोक यांची साखर तपासत राहतात आणि ज्या औषधावर ते उभे असतात ते द्यायचं राहून जातं. म्हणून २०२२ मध्ये जगभरच्या तज्ज्ञांनी नवं नाव सुचवलं, व्हॅसोप्रेसिनची कमतरता. व्हॅसोप्रेसिन हेच त्या हार्मोनचं नाव. एडीएच म्हणतात तेही हेच.

हे हार्मोन पिट्युटरीत तयार होत नाही. त्याच्या पेशी वर, मेंदूच्या हायपोथॅलॅमस नावाच्या भागात असतात. तिथून त्यांचे लांब धागे एका देठातून खाली उतरतात आणि पिट्युटरीच्या मागच्या भागात संपतात. हार्मोन वर बनतं, धाग्यांतून खाली येतं आणि टोकांशी साठून राहतं. कोठार खाली, कारखाना वर. ही रचना लक्षात ठेवा. पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे.

रक्त जरासं दाट झालं, अगदी शंभरात एक-दोन भागांनी, की हे कोठार उघडतं. हार्मोन मूत्रपिंडात पोचतं आणि तिथल्या शेवटच्या नलिकांच्या भिंतीत पाण्याची दारं बसतात. त्या दारांतून पाणी लघवीतून परत रक्तात येतं, लघवी दाट आणि थोडी होते. हार्मोन नसलं तर दारं नाहीत, पाणी वाहून जातं. ही दारं म्हणजे अ‍ॅक्वापोरिन नावाची प्रथिनं. त्यांच्या शोधासाठी पीटर अ‍ॅग्रे यांना २००३ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

लघवीचा दाटपणा मोजायच्या एककाला मिलिऑसमोल म्हणतात. एक लिटरमध्ये विरघळलेल्या कणांची ती मोजदाद आहे असं समजा. निरोगी मूत्रपिंड लघवी ५० इतकी पातळ करू शकतं आणि १२०० इतकी दाटही. आता हिशेब पाहा. जेवणातून आलेलं मीठ आणि प्रथिनांचा युरिया मिळून रोज साधारण ६०० मिलिऑसमोल कचरा लघवीवाटे बाहेर टाकावा लागतो. लघवी ६०० दाट असेल तर त्याला एक लिटर पुरतं. लघवी १०० वरच अडकली, तर तोच कचरा टाकायला सहा लिटर लागतात. म्हणजे इन्सिपिडसचा रुग्ण सहा लिटर लघवी करतो तो पाणी जास्त पितो म्हणून नव्हे. ती होते म्हणून त्याला प्यावं लागतं.

आणि सोडियम? रिपोर्टमध्ये १३५ ते १४५ ही मर्यादा छापलेली असते, म्हणजे लिटरमागे इतके मिलिमोल. हा आकडा घसरला की घरचे म्हणतात, "मीठ कमी झालंय, मीठ-साखरेचं पाणी द्या." मला हे वाक्य आठवड्यातून दोनदा तरी ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या मनात काळजीच असते, पण समज उलटी असते. शरीरात मीठ एकूण किती आहे, हे तो आकडा सांगत नाही. एका लिटर पाण्यात किती आहे, एवढंच सांगतो. आमटीत पाणी ओतलं की ती अळणी लागते. पातेल्यातलं मीठ तेवढंच असतं. बहुतेक वेळा सोडियम वाढणं म्हणजे पाणी कमी पडणं आणि सोडियम घसरणं म्हणजे पाणी जास्त होणं.

आता पुन्हा त्या रात्रीकडे. बाईंचं सोडियम ऑपरेशनच्या आधी १३९ होतं. अडीच वाजता घेतलेल्या रक्तात ते १४९ निघालं. साखर ठीक. लघवीचा दाटपणा ९०.

नुसती लघवी जास्त झाली म्हणून निदान करता येत नाही, हे इथे सांगायला हवं. ऑपरेशनच्या वेळी शिरेतून बरंच सलाइन दिलेलं असतं, आणि नंतर शरीर ते बाहेर टाकतं. त्या लघवीला घाबरायचं कारण नसतं, कारण त्यात सोडियम चढत नाही. इथे चढलंय. रक्त दाट झालंय, म्हणजे निरोगी मूत्रपिंडाने या घडीला लघवी घट्ट पिवळी, सहाशे-आठशेपर्यंत दाट करायला हवी होती. ती ९० आहे. शरीराला पाण्याची गरज असताना मूत्रपिंड पाणी फेकून देतंय. दाट रक्त आणि पातळ लघवी, ही जोडी एकत्र दिसली की इन्सिपिडस.

किती पाणी गेलं, हेही काढता येतं. या वजनाच्या बाईच्या शरीरात सुमारे ३० लिटर पाणी असतं. १३९ ला ३० ने गुणून १४९ ने भागलं की २८ येतात. दोन लिटरची तूट. तेवढं पाणी परत यायला हवं. त्या शुद्धीवर आहेत, तहान शाबूत आहे, म्हणून पाण्याचा तांब्या हाताशी ठेवला की बरंचसं काम तहानच करते. सोबत डेस्मोप्रेसिनचं एक इंजेक्शन दिलं जातं, एक मायक्रोग्रॅम. हे त्याच हार्मोनचं प्रयोगशाळेत बनवलेलं रूप. तासा-दोन तासांत पिशवीतली लघवी पिवळी दिसू लागते.

मात्र डोस एकच. 'रोज सकाळ-संध्याकाळ' असं लिहून मोकळं व्हायचं नाही. पहिल्याचा असर उतरून लघवी पुन्हा पातळ आणि भरपूर होऊ लागली, तरच दुसरा. या सावधगिरीचं कारण पुढच्या सोमवारी कळेल.

गुरुवारपर्यंत सगळं शांत झालं. शनिवारी सकाळी सोडियम १३७. डेस्मोप्रेसिन बंद करून दोन दिवस झाले होते. बाई घरी गेल्या. जाताना एक चिठ्ठी दिली होती: सोमवारी, म्हणजे ऑपरेशनच्या सातव्या दिवशी, सोडियम तपासून घ्या. घरी सगळ्यांनी मनापासून सेवा केली. दवाखान्यात पाण्यावाचून किती तळमळल्या होत्या ते यजमानांनी पाहिलं होतं, म्हणून दर तासाला पेला पुढे येत होता. नारळपाणी, सरबत, ताक. रविवारी डोकं दुखायला लागलं, जेवण नको झालं. सोमवारी दोन उलट्या झाल्या. संध्याकाळी त्या मुलीला एकच प्रश्न तीनदा विचारायला लागल्या तेव्हा गाडी काढली.

सोडियम १२४. लघवीचा दाटपणा ६००.

रक्त पातळ झालंय. निरोगी मूत्रपिंडाने अशा वेळी लघवी १०० च्या खाली आणून जास्तीचं पाणी भराभर टाकलं असतं. आपल्या बाईंचं मूत्रपिंड मात्र एक थेंब सोडायला तयार नाही. पातळ रक्त आणि दाट लघवी. सहा दिवसांपूर्वीचं चित्र आरशात पाहावं तसं.

हे घडलं कसं, याचं उत्तर त्या देठात आहे. ऑपरेशनमध्ये देठ ओढला जातो, दुखावतो. पहिले काही दिवस धागे सुन्न होतात, हार्मोन सुटत नाही, म्हणून इन्सिपिडस. मग तुटलेल्या धाग्यांची टोकं मरू लागतात. त्यांच्यात आधीचा साठा आहे. तो आता कुणाच्या हुकमाविना गळत राहतो. रक्त कितीही पातळ झालं तरी गळती थांबत नाही, कारण थांबवणारा निरोप पोचवायला धागाच उरलेला नाही. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवसाच्या दरम्यान हे होतं. कित्येक रुग्णांना पहिला टप्पा येतच नाही आणि एकदम हाच येतो, घरी गेल्यावर. सातव्या दिवसाच्या त्या चिठ्ठीचं महत्त्व यासाठी. आणि बाईंना डेस्मोप्रेसिन रोजचं म्हणून लिहून दिलं असतं, तर गळतीवर औषधाची भर पडली असती.

अंगावर सूज नाही, रक्तदाब ठीक, जीभ ओलसर. मग एवढं पाणी गेलं कुठे? नुसतं पाणी शरीरभर पसरतं आणि त्याचा मोठा वाटा पेशींच्या आत शिरतो, म्हणून पावलं सुजत नाहीत. पण मेंदूच्या पेशीही फुगतात, आणि कवटीला फुगायला जागा नसते. डोकेदुखी, उलट्या, गोंधळ, पुढे फिट, हे सगळं त्या फुगण्यातून येतं.

एसआयएडीएच म्हणण्याआधी या बाईंच्या बाबतीत एक खात्री करावीच लागते. पिट्युटरीच्या ऑपरेशननंतर कॉर्टिसोल हे दुसरं हार्मोन कमी पडू शकतं, आणि तेव्हाही सोडियम असंच घसरतं, लघवी अशीच दाट राहते. तिथे उपाय हायड्रोकॉर्टिसोनचा असतो, पाणी तोडण्याचा नव्हे. थायरॉइडही पाहतात. या दोन तपासण्या सोडून केलेलं निदान अर्धवटच. बाईंचं कॉर्टिसोल पुरेसं होतं. लघवीतलं सोडियम ८० निघालं, म्हणजे शरीर मीठ भरपूर बाहेर टाकत होतं. खरोखर मिठाचा आणि पाण्याचा दुष्काळ असता तर मूत्रपिंडाने मिठाचा कणही जपला असता.

आता यजमान विचारतात, "डॉक्टर, सलाइन लावायचं ना? त्यात मीठ असतं." हा प्रश्न अगदी रास्त आहे. एक लिटर साध्या सलाइनमध्ये नऊ ग्रॅम मीठ असतं, म्हणजे ३०८ मिलिऑसमोल कण. या घडीला शरीर ते मीठ ठेवून घेत नाही, लघवीतून टाकतं. पण लघवी ६०० दाट आहे, म्हणून ३०८ कण टाकायला तिला अर्धा लिटर पाणी पुरतं. मीठ गेलं सगळं, पाणी गेलं अर्धं. उरलेला अर्धा लिटर निव्वळ पाणी म्हणून शरीरात राहिला आणि सोडियम आणखी घसरलं. हिशेब ढोबळ आहे, पण वॉर्डात नेमकं हेच होताना दिसतं: रात्रभर सलाइन चालतं आणि सकाळी १२४ चं १२१ झालेलं असतं. कितीही काळजीने दिलेलं असो, ते पाणी पाजल्यासारखंच.

म्हणून गोंधळलेल्या, उलट्या होणाऱ्या या बाईंना तीन टक्क्यांचं सलाइन दिलं, फक्त १५० मिली, सावकाश. साध्या सलाइनपेक्षा ते तिप्पटीहून जास्त खारट असतं. मूत्रपिंडाच्या लघवीपेक्षाही दाट, म्हणून ते पाणी ओढून नेऊ शकतं. सोडियम १२६ झालं, डोकं जरा हलकं झालं. पुढे औषध एकच, प्यायला दिवसाला ८०० मिली, चहा-ताक-आमटी धरून. ऐकायला सोपं, पाळायला कठीण. घरच्यांना प्रेमाने पाणी देऊ नका असं सांगावं लागतं, आणि ते त्यांच्या जिवावर येतं.

इथे घाईही नको. सोडियम खाली गेलं की मेंदूच्या पेशी दोन दिवसांत आतले कण बाहेर टाकून स्वतःला जुळवून घेतात. मग बाहेरचं सोडियम एकदम चढवलं तर त्या आक्रसतात आणि चेतातंतूंवरचं आवरण उसवतं. गंमत नाही ती: आकडा सुधारला म्हणून सगळे निवांत होतात, आणि तीन-चार दिवसांनी बोलणं जड होतं, घास गिळवत नाही, हातपाय उचलत नाहीत. म्हणून चोवीस तासांत आठच्या वर चढवायचं नाही, अशी लक्ष्मणरेषा आम्ही पाळतो. मंगळवारी रात्री १३०, बुधवारी १३४. ठीक चाललं होतं.

गुरुवारी पहाटे सिस्टरचा फोन आला. "सर, युरिन परत पाण्यासारखी झालीय. दोन तासांत सहाशे." या फोनची मी वाटच पाहत होतो. मेलेल्या टोकांमधला साठा संपला. वरच्या पेशी पुरेशा वाचल्या असत्या तर पुढे सगळं सुरळीत झालं असतं, आणि बहुतेकांचं तसंच होतं. पण ऐंशी-नव्वद टक्के पेशी गेल्या असतील तर तिसरा टप्पा येतो, आणि तो कायमचा इन्सिपिडस असतो. लघवी उघडली त्या क्षणी पाण्याची बंदी उठवायला हवी. ती चालू राहिली तर सोडियम काही तासांत झेपावतं, आणि ज्या घाईला आपण चार दिवस जपलं तीच घडते. शुक्रवारी सोडियम १४५, लघवीचा दाटपणा ११०. पुन्हा पहिल्या रात्रीची जोडी.

वॉर्डाबाहेर हे दोन आजार असे पाठोपाठ क्वचितच भेटतात. एसआयएडीएचची वर्णनं १९५७ मध्ये श्वार्ट्झ आणि बार्टर यांनी प्रथम केली ती फुप्फुसाच्या कर्करोगाच्या दोन रुग्णांवरून. तिथे गाठच हे हार्मोन तयार करत होती. आपल्याकडे न्यूमोनिया, क्षयरोग, फिटवरचं कार्बामाझेपिन, नैराश्यावरच्या काही गोळ्या ही नेहमीची कारणं. उलट इन्सिपिडसमध्ये एक चकवा असतो. रुग्ण तहानेप्रमाणे पाणी पीत असेल तर त्याचं सोडियम अगदी १४२ येतं आणि रिपोर्टवर 'नॉर्मल' छापलं जातं. तहान तूट भरून काढत असते. म्हणून फक्त सोडियम पाहून हा आजार नाकारता येत नाही. दवाखान्यात नजरेखाली काही तास पाणी बंद ठेवून, दर तासाला वजन आणि लघवी मोजून पाहावं लागतं की ती दाट होते का. आणि हीच माणसं बेशुद्ध पडली, किंवा ऑपरेशनसाठी उपाशी ठेवली गेली, की सोडियम दिवसभरात दीडशेच्या वर जातं.

आपल्या बाई आता डेस्मोप्रेसिनची गोळी रोज दोन वेळा घेतात. पर्समध्ये एक कार्ड असतं, त्यावर आजाराचं नाव आणि 'औषध थांबवू नये, शिरेतून पाणी देताना सोडियम तपासावं' असं लिहिलंय. मी त्यांना एक सवय लावून दिलीय. आठवड्यातून एकदा, रविवारी, सकाळची गोळी उशिरा घ्यायची. लघवी भरपूर आणि पाण्यासारखी पांढरी होऊ द्यायची, म्हणजे आठवड्यात नकळत साठलेलं पाणी निघून जातं. तहान लागली की मग गोळी. परवा त्या म्हणाल्या, "आता मी रविवारी सकाळी आधी भांड्यात बघते, मग घड्याळात."